वैद्यकीय अधिकारी (आयुर्वेद) पदाची जाहिरात : वय, आरक्षण, अर्हता आणि शुल्क

केंद्र शासनाच्या रुग्णालयांत व दवाखान्यांत आयुर्वेद वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे वेळोवेळी केंद्रीय लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. या जाहिराती महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींहून काही बाबतींत वेगळ्या आहेत. तो भेद ध्यानात न आल्यामुळे पात्र उमेदवारही बाद होतात. म्हणून अशा जाहिरातीचे चार मुख्य भाग आम्ही येथे क्रमाने उलगडत आहोत. पुढील उदाहरणातील पदसंख्या, व्यक्ती व तारखा केवळ स्पष्टीकरणासाठी कल्पिल्या आहेत. नियम मात्र प्रत्यक्षातील आहेत.

समजा, १२ पदांची जाहिरात निघाली आहे. त्यांपैकी ५ पदे अनारक्षित, १ आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी, ४ इतर मागास वर्गासाठी व २ अनुसूचित जातींसाठी आहेत. अनुसूचित जमातींसाठी एकही पद नाही. वयोमर्यादा ३५ वर्षे असून अर्जाची अंतिम तारीख १२ फेब्रुवारी २०२६ आहे.

प्रथम आरक्षण पाहू, कारण वयाची सवलत त्यावरच अवलंबून असते. अखिल भारतीय खुल्या स्पर्धेने होणाऱ्या केंद्रीय भरतीत अनुसूचित जातींना १५ टक्के, अनुसूचित जमातींना साडेसात टक्के, इतर मागास वर्गाला २७ टक्के व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाला १० टक्के आरक्षण असते. ही टक्केवारी त्या एका जाहिरातीतील पदांना लावायची नसते. संवर्गाची बिंदुनामावली असते आणि तिच्यात रिक्त झालेल्या बिंदूंनुसार पदे वाटली जातात. त्यामुळे एखाद्या प्रवर्गाला एकाही जागेचा वाटा न येणे संभवते. राज्याच्या भरतीत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण असते. केंद्राच्या अशा भरतीत केवळ स्त्री असल्यामुळे राखीव जागा मिळत नाही.

आता वय. अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षे व इतर मागास वर्गाला ३ वर्षे शिथिलता असते. परंतु आयोगाच्या जाहिरातीत तिला एक अट जोडलेली असते : ही शिथिलता त्या प्रवर्गासाठी राखीव असलेल्या पदांपुरतीच आहे. आमच्या उदाहरणात इतर मागास वर्गाची मर्यादा ३८ व अनुसूचित जातींची ४० होईल. अनुसूचित जमातीच्या उमेदवारास मात्र अनारक्षित पदासाठीच अर्ज करावा लागेल आणि त्याला ३५ चीच मर्यादा लागू राहील. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाला जागा राखीव असली, तरी वयात सवलत नाही. दिव्यांग उमेदवार, तसेच केंद्र शासनाचे नियमित कर्मचारी यांच्यासाठी स्वतंत्र तरतुदी असतात; त्या जाहिरातीसोबतच्या सूचनांत पाहाव्यात.

एका उमेदवार भगिनीचे उदाहरण घेऊ. त्या इतर मागास वर्गातील असून त्यांचा जन्म २० जून १९८८ चा आहे. अंतिम तारखेस त्यांचे वय ३७ वर्षे ७ महिने होते. इतर मागास वर्गाच्या ४ पदांसाठी त्या पात्र आहेत. मुलाखतीत सर्वांहून अधिक गुण मिळाले, तरी अनारक्षित ५ पदांपैकी एकावर त्यांची निवड होणार नाही. केंद्र शासनाच्या १ जुलै १९९८ च्या आदेशानुसार, वयासारख्या निकषात शिथिलता घेतलेला उमेदवार राखीव पदावरच गणला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दीपा ई. व्ही. प्रकरणात याच आदेशाचा आधार मान्य केला. याच प्रवर्गातील ३४ वर्षांच्या उमेदवाराने मात्र कोणतीही शिथिलता न घेता गुणवत्ता मिळवली, तर त्याची निवड अनारक्षित पदावर होते आणि राखीव पद दुसऱ्यासाठी शिल्लक राहते.

या भगिनींची खरी कसोटी प्रमाणपत्रापाशी लागते. केंद्राची इतर मागास वर्गाची यादी राज्याच्या यादीहून वेगळी आहे. राज्यातील विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग हे प्रवर्ग केंद्राच्या भरतीत त्या नावांनी अस्तित्वात नाहीत. आपली जात केंद्रीय यादीत नावानिशी आहे का, हे पाहून तहसील कार्यालयातून केंद्र शासनाच्या नमुन्यातील प्रमाणपत्र मागावे. राज्य नमुन्यातील प्रमाणपत्र येथे चालत नाही. राज्याचे सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाचे आरक्षणही केंद्राच्या भरतीस लागू नाही. विवाहित स्त्रीची जात व क्रीमीलेयर ही दोन्ही तिच्या माता-पित्यांच्या स्थितीवरून ठरतात. पतीच्या उत्पन्नावरून नव्हे. प्रमाणपत्र अर्जाच्या वेळी हाती असावे आणि त्यातील नाव दहावीच्या प्रमाणपत्रातील नावाशी जुळावे. विवाहानंतर नाव बदलले असल्यास त्याचा शासकीय पुरावा जोडावा.

अर्हतेचा भाग आपल्या व्यवसायाशी थेट संबंधित आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची आयुर्वेदातील पदवी आणि केंद्रीय वा राज्य नोंदवहीतील नोंदणी, अशा दोन अटी सामान्यतः असतात. काही सेवाप्रवेश नियमांच्या भाषेत अद्याप भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषद अधिनियम, १९७० चा उल्लेख आढळतो. तो कायदा जाऊन त्याजागी २०२० चा राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग अधिनियम आला आहे. जुना उल्लेख पाहून आपली पदवी चालणार नाही असा समज करून घेऊ नये. अर्हता अंतिम तारखेस पूर्ण असणे आवश्यक असते. आंतरवासिता चालू असेल, किंवा हाती केवळ तात्पुरती नोंदणी असेल, तर पुढे ती कायम होणार असूनही अर्ज टिकत नाही. नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदत उलटली नाही ना, हेही अर्जापूर्वी पाहावे. शिवाय किमान अर्हता असली म्हणजे मुलाखतीचे निमंत्रण येतेच असे नाही. अर्ज फार आले तर आयोग उच्च अर्हता, अधिक अनुभव वा चाळणी परीक्षा यांच्या आधारे संख्या मर्यादित करतो. म्हणून पदव्युत्तर शिक्षण व अनुभव यांची नोंद पुराव्यासह पूर्ण करावी.

शुल्काचा भाग सर्वांत सोपा आहे. आयोगाच्या थेट निवडीच्या अर्जास २५ रुपये पडतात. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग व सर्व समाजांतील महिला यांना शुल्क माफ आहे. अनारक्षित, इतर मागास वर्ग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील पुरुषांना मात्र ते भरावेच लागते. इतर मागास वर्गाच्या पुरुषांना वयात सवलत आहे, म्हणून शुल्कही माफ असेल, अशी समजूत करून घेऊ नये. शुल्काविना आलेला अर्ज विचारातच घेतला जात नाही. आमच्या उदाहरणातील भगिनींना काहीही भरावे लागणार नाही, आणि या माफीमुळे त्यांच्या निवडीवर परिणामही होत नाही. अनारक्षित पदाची वाट अडते ती वयाच्या शिथिलतेने, शुल्काच्या सवलतीने नव्हे.

तेव्हा जाहिरात हाती येताच प्रथम आपल्या प्रवर्गाला किती पदे आहेत ते पाहावे, मग अंतिम तारखेचे वय मोजावे. आमच्या उदाहरणातील भगिनींचे वय २० जून २०२६ रोजी ३८ वर्षे पूर्ण होते. त्या दिवसानंतर अंतिम तारीख असलेल्या जाहिरातीत वयोमर्यादा हीच राहिली, तर इतर मागास वर्गाची शिथिलताही त्यांच्या उपयोगी पडणार नाही. केंद्रीय नमुन्यातील प्रमाणपत्रासाठी त्यांनी जाहिरातीची वाट पाहू नये, असे आम्ही सुचवतो ते यासाठीच.