कार्ड बंद, बगुणं चालू

कोल्हापूरच्या उत्तरेला शिरोलीजवळ पंचगंगा पुणे-बंगळूर महामार्गाच्या अगदी बगलेला येते. पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्याकडं सलग चार दिवस पाऊस कोसळला की नदी पात्र सोडून शेतात पसरते आणि फुगवटा रस्त्यावर चढतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं, हायवे कित्येक दिवस बंद राहिला आणि मुंबई-पुण्याकडं निघालेलं कोल्हापूरचं दूधसुद्धा अडकून पडलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं.

रस्ता शिरोलीला तुटतो, पण माणसं अडकतात ती त्याच्या मागं, किणी टोलनाका, पेठ नाका ते थेट कऱ्हाडपर्यंत. पोलीस गाड्या थोपवतात, ट्रकवाले मिळेल त्या कडेला चाकं लावतात. मग रात्री आठच्या सुमारास एखाद्या ढाब्यावर, जिथं एरवी एका वेळी तीसेक माणसं बसतात, तिथं दीडशे जण ओल्या कपड्यांनी उभे असतात. त्या रात्रीचा भार ढाब्याच्या आचाऱ्यावर येतो. इथं त्याला वस्ताद म्हणतात. या लेखातला वस्ताद कुणी एक माणूस नाही. या पट्ट्यातल्या भटारखान्यांत काम कसं चालतं, त्यावरून उभी केलेली ही एका रात्रीची गोष्ट आहे.

वस्ताद आधी बाहेर जाऊन गाड्या मोजतो. दोन एसट्या म्हणजे पंच्याऐंशी माणसं. वीसेक ट्रक, प्रत्येकी ड्रायव्हर आणि किन्नर, म्हणजे चाळीस. सात-आठ मोटारी. एकूण दीडशे पानं. आत येऊन तो गल्ल्यावर सांगतो, "मालक, कार्ड काढून ठेवा. आता एकच जिन्नस."

"गिऱ्हाईक रोटी मागतंय की रं. अख्खा मसूर मागतंय."

"मागू दे. साडेचारशे रोट्या कोण थापणार? तुम्ही?"

मालकाला हे पटायला दहा मिनिटं लागतात, आणि त्यात त्याची चूक नाही. अख्खा मसूर आणि तंदुरी रोटी हीच या पट्ट्याची ओळख, धंदा त्याच्यावरच चालतो. पण माणशी तीन रोट्या धरल्या तरी वीस किलो कणीक मळायची, भट्टी तापती ठेवायची आणि एक माणूस तिथंच अडकवायचा. शिवाय रोटी एकेका ताटात जाते. पहिल्याला मिळते तेव्हा शेवटचा तासाभरानंही हात हलवत उभा असतो, आणि भांडणं तिथंच सुरू होतात. खिचडी एका बगुण्यात सगळ्यांची होते. ती शिजत असताना वस्तादाचे हातही मोकळे राहतात.

धान्याची चिंता त्याला नाही. कोठीत तांदळाची दोन पोती आहेत. चिंता आहे पाण्याची. वीज गेली आहे, म्हणजे बोअरची मोटर बंद, आणि गच्चीवरची दोन हजार लिटरची टाकी अर्धीच भरलेली. एक हजार लिटर पाणी ऐकायला भरपूर वाटतं, पण हिशोब करून बघा. खिचडीला लागतं जेमतेम पासष्ट लिटर. प्यायला माणशी दोन लिटर धरले तर तीनशे. दीडशे ताटं धुवायला ताटामागं तीन लिटर, म्हणजे साडेचारशे. उरलेलं पाणी दीडशे माणसांच्या संडासात मध्यरात्रीच्या आत संपतं. अशा रात्री स्वयंपाक पाणी खात नाही, धुणं खातं. म्हणून वस्ताद संडासाकडं जाणारा कॉक आधी बंद करतो. पत्र्याच्या पन्हळीखाली डिझेलची नव्हेत अशी स्वच्छ पिंपं लावतो आणि पोऱ्याला बजावतो की हात धुणं, संडास, लादी पुसणं हे सगळं पावसाच्या पाण्यावर. ताटं तर काढायचीच नाहीत. लग्नाच्या ऑर्डरीतून उरलेल्या पत्रावळींचे गठ्ठे माळ्यावर पडून आहेत, ते खाली येतात.

टाकी उंचावर असल्यामुळं तिच्यात पुराचं पाणी शिरलेलं नाही, एवढं बरं. तरी प्यायचं पाणी तो उकळूनच देतो. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं. उगाच पंधरा मिनिटं रटरटत ठेवून गॅस जाळण्यात अर्थ नाही. ज्या बोअरवर पुराचं पाणी चढलं आहे, त्याचं पाणी मात्र वीज आली तरी लगेच घ्यायचं नसतं, कितीही नितळ दिसलं तरी.

आता बगुणं. दीडशे पानांना बारा किलो तांदूळ आणि पाच किलो डाळ. डाळ तुरीची नाही, मसुरीची. तूर शिजायला वेळ घेते आणि तेवढा वेळ गॅस जळतो. मसूर तांदळाबरोबरच मऊ होते. सतरा किलोचं एक मोठं बगुणं चढवता येईल, पण वस्ताद पन्नास लिटरची दोन घेतो आणि दुसरं पहिल्याच्या अर्ध्या-पाऊण तासानं लावतो. मोठ्या बगुण्यात तळ करपतो आणि वर कणी राहते, झारा तळापर्यंत पोचत नाही. पहिल्यात काही बिघडलं तर दुसऱ्यात सुधारता येतं. आणि उशिरा आलेल्यालाही गरम मिळतं.

तेलात मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, कढीपत्ता, भरपूर कांदा. तिखटाचा डबा तो हातात घेतो आणि चमचाभर टाकून परत ठेवतो. एसटीत लहान पोरं आहेत, म्हातारी माणसं आहेत. ज्याला झणझणीत हवं त्याच्यासाठी ठेचा वेगळा ठेवता येतो. धुतलेले डाळ-तांदूळ परतले की बाजूच्या शेगडीवरचं आधणाचं पाणी पडतं, बगुण्यामागं बत्तीस लिटर. गार पाणी ओतलं तर पुन्हा उकळी यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात तांदूळ तळाशी बसतो. मीठ किलोमागं चाळीस ग्रॅमच्या हिशोबानं, पण दोन तृतीयांश आधी आणि बाकीचं चव बघून. कमी मीठ नंतर घालता येतं. जास्त झालं तर त्यात बिनमिठाचा भात मिसळण्यावाचून इलाज नाही.

शिजायला पस्तीस-चाळीस मिनिटं लागणार. तेवढा वेळ दीडशे उपाशी माणसांना नुसतं थांबा म्हणून भागत नाही. दुपारी दालतडक्यासाठी शिजवून ठेवलेल्या तुरीच्या डाळीत पाणी वाढवून तो तिला सणसणीत उकळी आणतो आणि चहाच्या कपांतून वाटायला लावतो. फ्रीज बंद आहे, ती डाळ तशीही सकाळपर्यंत टिकली नसती. पहिले कप एसटीतल्या पोरांना. "कुणाला शुगर आहे का, इंजेक्शन घेणारं?" कंडक्टर मास्तर गाडीत जाऊन विचारून येतात. तीन माणसं निघतात, त्यांना रांगेत पुढं घेतलं जातं.

तांदूळ फुगून वर आला की आच मंद, बगुण्याखाली जाड लोखंडी तवा आणि वर झाकण. इथून पुढं वस्तादाचं नाक काम करतं. करपण्याचा वास पहिल्यांदा झाकणाच्या कडेनं येतो, अगदी पुसट, भाजक्या पापडासारखा. तेव्हा झारा घालून ढवळलं तर सगळं बगुणं कडू होतं. नवा पोऱ्या नेमका हेच करतो. वस्ताद शेगडी बंद करतो, तळ खरवडू देत नाही, आणि वरची खिचडी ओगराळ्यानं दुसऱ्या भांड्यात काढून घेतो. तळाचे दोन-तीन किलो गेले, बाकीची वाचली. त्या रात्री पहिल्या बगुण्याचं हेच झालं. घाईत तवा ठेवायचा राहिला होता.

साडेनऊला पहिली पत्रावळ उठली. रांगेत दोघं-तिघं पैशाचं विचारतात. मालकानं चाळीस रुपये सांगितले आणि ज्याच्याकडं सुटे नाहीत त्याला जाऊ दिलं. वाट वाकडी झालेला ट्रकवाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रोकडीनं रिकामा होतो, हे हायवेवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण हे ट्रकवाले नुसते खाणारे नसतात. लांब पल्ल्याच्या गाडीत शेगडी, पीठ, डाळ, कांदे असतातच. दाक्षिणात्य गाड्यांचे दोन ड्रायव्हर आपली तांदळाची पिशवी आणून देतात. टोमॅटोची गाडी घेऊन निघालेला एक जण व्यापाऱ्याला फोन लावतो. माल तसाही उद्या सडणार, हो म्हणायला व्यापाऱ्याला वेळ लागत नाही. चार क्रेट उतरतात, आणि दुसऱ्या बगुण्यात टोमॅटो पडतात. पहिल्यापेक्षा ते चवीला सरस झालं, हे वस्तादही कबूल करतो.

अकरा वाजता दुसऱ्या बगुण्यात दहा-बारा किलो खिचडी उरते. मालक म्हणतो, झाकून ठेव, सकाळी गरम करू. इथं वस्ताद अडून बसतो. भात शिजला तरी त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू मरत नाहीत. कोमट भातात ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं एक विष पुन्हा उकळूनही जात नाही. खिचडी आंबल्याचा वास येतोच असं नाही, खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या मात्र सुरू होतात. शे-दीडशे माणसं, संडासाला पाणी नाही आणि दवाखान्याची वाट बंद, अशात ही जोखीम कोण घेणार? वस्तादाला त्या जिवाणूचं नाव माहीत नाही, नियम माहीत आहे: भात एक तर हात लावता येणार नाही इतका गरम, नाहीतर पोटात. बगुणं मंद आचेवर वाफाळतं राहतं. घट्ट होईल तसं उकळतं पाणी मारलं जातं आणि पोऱ्या कंदील घेऊन ट्रकच्या रांगेत मागं मागं हाका देत जातो. अर्ध्या तासात बगुणं रिकामं होतं. मध्यरात्रीनंतर जी मोटार येईल तिच्यासाठी नवा भात, दोन किलोचा, लहान पातेल्यात.

दूधही तसंच. फ्रीज बंद म्हणून दर तीन-चार तासांनी उकळी द्यायची, आणि त्यातलं दोन लिटर चहाला न वापरता तान्ह्या बाळांसाठी बाजूला. चहा कोरा दिला तरी त्या रात्री कुणी कुरकुरत नाही.

गॅसचा हिशोब सगळ्यात सोपा निघाला. दोन्ही बगुणी आणि प्यायचं पाणी मिळून चार-पाच किलो गॅस गेला असेल, एकोणीस किलोच्या सिलेंडरचा पाव हिस्सा. कार्डावरच्या भाज्या एकेक कढईत परतत बसला असता तर तेवढ्याच माणसांत सिलेंडर उताणा पडला असता.

सकाळी सहाला पोलीस सांगून गेले, पाणी अजून चढतंय, आज रस्ता सुटत नाही. वस्तादानं मालकाच्या स्कूटरवर पोऱ्याला पेठ नाक्याला पिटाळलं. चिठ्ठीवर तांदूळ नव्हता, डाळ नव्हती. चहापत्ती, मीठ, काडेपेट्या, दोन गठ्ठे पत्रावळी, पाण्यात टाकायच्या क्लोरिनच्या गोळ्या, आणि जनरेटर भाड्यानं मिळतो का ते विचारून ये, कारण टाकीत आता दीड वीतच पाणी होतं.