नववीनंतर बंगळुरू

बदलीची ऑर्डर हातात पडली की घरात पहिला वाद होतो तो सीबीएसई की आयसीएसई यावर. मूल चौथी-पाचवीत असेल तर हा वाद खुशाल घाला. त्या वयात पोरं दोन महिन्यांत रुळतात. आठवी-नववीत मात्र बोर्डापेक्षा राज्याचा प्रश्न मोठा असतो, आणि तो फार थोडे पालक विचारतात.

समजा, पुण्यात एसएससीच्या शाळेत नववी झालेली मुलगी आहे आणि वडिलांची बदली बंगळुरूला झाली. सीबीएसईत नववी-दहावी हा सलग अभ्यासक्रम मानतात. नोंदणीही नववीतच होते, त्यामुळे थेट दहावीत प्रवेश सहजी मिळत नाही. पालकांची बदली किंवा कुटुंबाचं स्थलांतर हे मान्य कारण आहे, पण ते कागदावर दाखवावं लागतं: बदलीचा आदेश, नववीची गुणपत्रिका आणि शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी असलेला शाळा सोडल्याचा दाखला. शिवाय बोर्डाची परवानगी लागते. तिकडे वर्ग एप्रिलमध्येच सुरू झालेले असतात, म्हणून निकालाची वाट न पाहता शाळेशी आधीच बोलून ठेवावं. मराठी हा विषय सीबीएसईच्या यादीत आहे, पण शिकवायला शिक्षक कुठून आणणार? बहुधा हिंदीच घ्यावी लागते.

एवढं जमलं तरी खरी गोम पुढे आहे. ही मुलगी डॉक्टर व्हायचं म्हणते. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत राज्याच्या कोट्यासाठी सर्वसाधारण अट अशी की, अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी. बोर्ड कुठलंही चालतं. पुण्यातली सीबीएसई शाळाही चालते. कर्नाटकाची सर्वसाधारण अट वेगळी: पहिली ते बारावीपैकी किमान सात वर्षं तिथे शिक्षण. दहावीला गेलेल्या मुलीची तीनच वर्षं भरतात. म्हणजे ती इकडचीही नाही आणि तिकडचीही नाही; हाती उरतो अखिल भारतीय कोटा आणि खासगी महाविद्यालयांतल्या महागड्या जागा. सहावीला गेली असती तर बारावीपर्यंत सात वर्षं बरोबर भरली असती. केंद्र सरकारी नोकरी वगैरेंसाठी सवलती आहेत, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय पाऊल उचलू नये.

अशा घरात मी तरी सांगेन की आईनं किंवा आजी-आजोबांनी मुलीबरोबर पुण्यातच बारावीपर्यंत राहावं. दोन घरांचा खर्च होतो, घरातली माणसं कुरकुरतात. फक्त दहावी उरकून अकरावीला जाण्याचा मधला मार्ग दिसतो सोयीचा, पण वैद्यकीयसाठी तो उपयोगाचा नाही. मुलीला कॉमर्स घ्यायचं असेल तर ही सगळी कसरत कशाला? सामान बांधा, आणि निघण्यापूर्वी दाखल्यावरचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी ताडून घ्या. बंगळुरूहून दुरुस्तीसाठी पुण्याच्या शाळेत हेलपाटे घालणं महागात पडतं.