दिशाभूल आणि प्रतारणा : रहस्यकथेतील एक भेद

रहस्यकथेतील दिशाभूल न्याय्य केव्हा ठरते, हे आर्थर कॉनन डॉयल यांच्या १८९२ मधील ‘द स्पेकल्ड बँड’ या कथेवरून पाहता येते. मरणोन्मुख ज्यूलिया ‘ठिपकेदार बँड’ एवढेच सांगते. इंग्रजीत ‘बँड’ म्हणजे टोळीही आणि पट्टाही. आवारात उतरलेले जिप्सी डोक्याला ठिपक्यांचे रुमाल बांधतात. साहजिकच संशय त्यांच्याकडे वळतो. खुद्द होम्सही प्रथम चकतो.

तथापि येथे प्रतारणा नाही. ज्यूलियाचे शब्द अक्षरशः खरे आहेत. तिने पाहिला तो पट्ट्यासारखा सर्प. शिवाय टोळीची शंका खोडणारा पुरावा उलगड्यापूर्वीच वाचकासमोर येतो : खोली आतून बंद, झरोका सावत्र वडिलांच्या खोलीत उघडणारा, घंटेची दोरी घंटेला न जोडलेली, पलंग जमिनीला जखडलेला. झरोक्याचा उल्लेख अखेरपर्यंत दडवला असता, तर ती फसवणूक ठरली असती.

मराठी अनुवादात हा भेद प्रकर्षाने जाणवतो. ‘टोळी’ म्हटल्यास ज्यूलियाचे विधान असत्य ठरते. ‘पट्टा’ म्हटल्यास जिप्सींवरील संशयाचा शाब्दिक आधारच उरत नाही. न्याय्य दिशाभुलीत विधान खरेच असते, चुकतो तो वाचकाने लावलेला अर्थ.