उन्हाने वाळलेला जोडा आणि पॉलिशची डबी

मार्च सरला की जळगाव-धुळ्याकडे उन्हाचा तडाखा वाढू लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, दुपारची हवा अगदी कोरडी होते आणि काळ्या कपाशीच्या जमिनीवरची बारीक धूळ सर्वत्र पसरते. या दिवसांत चामड्याचे बूट ताठर वाटू लागतात. ‘कातडे वाळले’ असा निष्कर्ष काढून कुणी दर आठवड्याला कंडिशनर चोळतो, कुणी स्वयंपाकघरातील खोबरेल तेल लावतो, तर कुणी मेणाच्या पॉलिशचा थरावर थर चढवितो. वास्तविक या तिन्ही उपायांनी जोड्याचे हित होण्यापेक्षा नुकसान होण्याचाच संभव अधिक असतो. याचे कारण कातड्याच्या कोरडेपणात आहे.

कोरडेपणा दोन प्रकारचा

कमावलेल्या कातड्यात पाणी आणि तेल हे दोन्ही असतात. पाणी हवेतून येते आणि हवेत जाते. वैशाखात कातडे थोडे पाणी गमावून ताठ होते आणि जुलैची दमट हवा लागली की तेवढेच पाणी ते आपण होऊन परत घेते. तेलाचे तसे नाही. कातडे कमावताना कारखान्यात त्याच्या तंतूंमध्ये तेल मुरविलेले असते. तंतू एकमेकांवर घासून तुटू नयेत हे त्याचे काम. हे तेल उन्हाळ्याच्या एका झळीने उडून जात नाही. ते कमी होते ते वारंवार भिजण्याने, पायाच्या घामाने आणि वर्षानुवर्षांच्या वापराने. कंडिशनर भरून काढतो तो हा तेलाचा तोटा. हवेने नेलेले पाणी त्याने परत येत नाही, म्हणूनच तो दर आठवड्याला लावण्यात अर्थ नाही.

त्यातही आधी एक गोष्ट तपासून पाहावी. बाजारातील पुष्कळशा चकचकीत ऑफिस बुटांच्या कातड्यावर रंगाचा आणि प्लास्टिकसारख्या द्रव्याचा पातळ पापुद्रा दिलेला असतो. बुटाच्या जिभेच्या कडेला, जेथे पॉलिश सहसा पोहोचत नाही, तेथे पाण्याचा एक थेंब ठेवावा. मिनिटभरात तो मुरून जागा गडद झाली, तर कातडे उघडे आहे आणि ते कंडिशनर शोषून घेईल. थेंब मण्यासारखा तसाच राहिला, तर वर पापुद्रा आहे. अशा बुटावर महागडे कंडिशनर चोळणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ते वरच राहते आणि धूळ धरते. या बुटाला ओल्या फडक्याने पुसणे आणि अधूनमधून पॉलिश करणे एवढे पुरते.

मेण आणि क्रीम

पत्र्याच्या चपट्या डबीत मिळते ते मेणाचे पॉलिश. त्यात निरनिराळी मेणे टर्पेंटाइनसारख्या उडून जाणाऱ्या द्रावकात कालवलेली असतात. ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा मेण हे त्यांपैकी सर्वांत कठीण. ते ८० अंशांच्या पुढे वितळते, तर मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना. द्रावक उडाला की मागे मेणाचा कठीण थर उरतो. तो आरशासारखा चमकतो आणि पाण्याचे शिंतोडे अडवितो. मात्र कातड्याच्या आत तो फारसे काही पोहोचवीत नाही.

क्रीम पॉलिश सहसा काचेच्या बरणीत मिळते. त्यात मेण कमी, पाणी व तेलाचा अंश जास्त आणि रंगही भरपूर असतो. ते कातड्यात थोडे मुरते, फिकट पडलेला रंग सावरते आणि चमक सौम्य देते. थोडक्यात, रंग व मऊपणासाठी क्रीम, तर चमक व संरक्षणासाठी मेण. दोन्ही वापरायचे असल्यास आधी क्रीम, मग मेण. क्रम उलटा झाला तर मेणाचा थर क्रीमला आत जाऊच देत नाही.

मेण लावावयाचे ते बोटांकडील टोकाला आणि टाचेला, कारण बुटाचा हा भाग वाकत नाही. पोलिसांच्या संचलनातील बुटांची लखलखीत टोके आठवून पाहा. चालताना जेथे घडी पडते तेथे जाड मेण टिकत नाही. त्याला बारीक भेगा जातात आणि त्यांत पांढुरकी धूळ बसते. पुष्कळ जण हे कातडे फाटल्याचे लक्षण समजून आणखी पॉलिश लावतात. नखाने हलके खरवडून पाहावे. पापुद्रा निघाला तर ती मेणाची भेग आहे, कातड्याची नव्हे.

वर्षाचा हिशेब

समजा, जळगावात आठवड्यातून सहा दिवस वापरला जाणारा, उघड्या कातड्याचा एक काळा जोड आहे. घरी आल्यावर घोड्याच्या केसांच्या ब्रशने अर्धा मिनिट धूळ झाडणे हे त्याचे खरे औषध, कारण ही बारीक धूळ घडीमध्ये शिरून कातडे घासत राहते. दोन-तीन आठवड्यांतून एकदा लेस काढून, ओलसर फडक्याने पुसून, सुकल्यावर क्रीम लावावे. प्रत्येक बुटाला हरभऱ्याच्या दाण्याएवढे पुरे. दहा-पंधरा मिनिटांनी ब्रश फिरवावा. मग हवे असल्यास टोकाला व टाचेला मेणाचा अगदी पातळ हात द्यावा.

कंडिशनर वर्षातून दोनदा लावावा. पहिली वेळ फेब्रुवारीच्या अखेरीस, कारण कोरडे कातडे वाकताना तेलाचा आधार लागतो. दुसरी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, कारण भिजण्याने तेल गेलेले असते. मध्येच बूट चिंब भिजले तर त्यांत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत एक-दोन दिवस सुकवावेत आणि मग एकदा कंडिशनर द्यावा. उन्हात किंवा चुलीजवळ कधीही सुकवू नयेत. रोज एकच जोड घालण्यापेक्षा दोन जोड आलटून पालटून वापरले, तर घाम सुकायला अवधी मिळतो.

अतिरेक ओळखावा कसा

जादा तेल पाजलेला बूट लिबलिबीत होतो, सैल पडतो, काळवंडतो आणि त्यावर चमक धरत नाही. पावसाळ्यात अशा कातड्यावर बुरशी लवकर येते. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठते, त्यामुळे धुळ्याच्या कडाक्याच्या थंडीत त्याचा पांढरा थर बुटावर उमटू शकतो. तो थर बुरशीचा की गोठलेल्या तेलाचा, हे पाहण्यासाठी केस वाळविण्याच्या यंत्राची कोमट हवा द्यावी. तेल असेल तर ते विरघळून दिसेनासे होते, बुरशी असेल तर तशीच राहते. बुरशी घराबाहेर कोरड्या फडक्याने पुसावी आणि बूट वाऱ्यावर ठेवावेत.

उन्हाळ्यात आणखी दोन गोष्टी सांभाळाव्यात. भर उन्हात उभ्या मोटारीत बूट ठेवू नयेत. मऊ मेण तेथे पाघळते आणि धूळ त्यात रुतून बसते. डबीचे झाकणही घट्ट लावावे, नाहीतर द्रावक उडून पॉलिशला तडे जातात. असे वाळलेले पॉलिश टर्पेंटाइनचे चार थेंब घालून पुन्हा मऊ करता येते. ते गॅसवर तापविण्याचा मोह मात्र टाळावा, कारण द्रावक चटकन पेट घेतो.