काठ ओलांडलेल्या नदीचा विसर्ग : पात्र आणि पूरमैदान वेगळे मोजावे

धरणातून सोडलेल्या पाण्याचा विसर्ग जाहीर होतो. काठच्या शेतकऱ्याला मात्र शेतात पाणी किती चढेल, हे जाणून घ्यायचे असते. नदी काठांच्या आत वाहत असेपर्यंत हा हिशेब सरळ असतो. पाणी शेतात पसरले की तोच हिशेब फसवा ठरतो.

विसर्गासाठी मॅनिंगचे सूत्र वापरतात :

Q = A × R^(2/3) × √S ÷ n

यात Q हा विसर्ग, A हे पाण्याच्या छेदाचे क्षेत्रफळ, S हा उतार आणि n हा तळाचा खरबरीतपणा होय. क्षेत्रफळाला ओल्या परिघाने, म्हणजे छेदात पाण्याला स्पर्श करणाऱ्या तळ व काठांच्या लांबीने, भागले की R मिळतो.

समजा, पात्र ३० मीटर रुंद व ४ मीटर खोल आहे. दोन्ही बाजूंस १०० मीटर रुंदीची सपाट शेते असून त्यांपलीकडे उंच बांध आहेत. उतार २,५०० मीटरला १ मीटर. N पात्रात ०.०३, तर उभ्या पिकात ०.०५. काठोकाठ भरलेल्या पात्रातून सेकंदाला सुमारे १७२ घनमीटर पाणी वाहते.

आता पाणी आणखी ३० सेंटिमीटर चढले. संपूर्ण छेद एकच मानला, तर क्षेत्रफळ १२० वरून १८९ चौरस मीटर होते. पण ओला परीघ ३८ वरून सुमारे २३९ मीटरवर जातो. R कोसळतो आणि सर्वत्र n ०.०३ धरूनही विसर्ग १०८ येतो. पाणी चढले असता विसर्ग घटला, हे उत्तर उघडच अशक्य आहे.

म्हणून काठांवर उभ्या काल्पनिक रेषा ओढून छेदाचे तीन भाग करावेत. या रेषा म्हणजे जमीन नव्हे. त्यांची लांबी ओल्या परिघात धरू नये. पात्राचा विसर्ग १९४, दोन्ही शेतांचा मिळून ११, एकूण २०५ येतो. पात्रात वेग सेकंदाला दीड मीटर आहे, तर शेतात जेमतेम १८ सेंटिमीटर.

हाच हिशेब उलट केला की फरक शेतात दिसतो. २०५ विसर्गाला भागशः पद्धतीने शेतात ३० सेंटिमीटर पाणी येते. एकत्रित पद्धत सुमारे ७० सेंटिमीटर दाखवते.

तरीही ३० सेंटिमीटर हा अंतिम आकडा समजू नये. वेगवान पात्र आणि संथ शेत यांच्या सीमेवर भोवरे उठतात व पात्राचा वेग कमी करतात. सेलिन यांनी १९६४ मध्ये प्रयोगशाळेत ते दाखवले. त्यामुळे बेरीज सहसा प्रत्यक्ष विसर्गापेक्षा जास्त भरते आणि खरी पातळी थोडी वर राहते. शेतातील पाणी उथळ असताना, तसेच वळणदार नदीत, ही चूक वाढते. पुरात काठाच्या रेषेवर फेस व पालापाचोळा गरगरताना दिसला, तर पंपाची उंची ठरवताना वाढीव अंतर ठेवावे.