बँक बंद पडली तर ५ लाख मिळतात, पण कोणाचे ५ लाख आणि कधी?



साताऱ्यातल्या मागच्या बॅचमध्ये एका किराणा दुकानदार दादांनी विचारलं, "सर, माझं बचत खातं आणि दुकानाचं करंट खातं एकाच बँकेत आहे. म्हणजे दोन खाती, ५-५ लाख, एकूण १० लाखांचा विमा झाला ना?" वर्गातल्या निम्म्या लोकांनी मान डोलावली. खरं सांगायचं तर दुकान सुरू केलं तेव्हा माझाही हाच समज होता, आणि हातात बीबीएची डिग्री होती!

उत्तर आहे, नाही. तुमचं दुकान प्रोप्रायटरशिप असेल तर दोन्ही खाती मिळून ५ लाखच. ते का, आणि आपल्या भागातल्या धंदेवाल्याला यात काय काय बघावं लागतं, ते आज नीट समजून घेऊ.

आधी कराडची गोष्ट

कराड जनता सहकारी बँक आपल्या सातारा जिल्ह्यातली. नोव्हेंबर २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले. निर्बंध म्हणजे बँकेचं शटर उघडं असतं, कर्मचारी बसलेले असतात, पण तुमच्याच खात्यातून रिझर्व्ह बँक ठरवून देईल तेवढीच रक्कम काढता येते. हे पुढे तीन वर्षं चाललं. डिसेंबर २०२० मध्ये बँकेचा परवाना रद्द झाला. तेव्हा रिझर्व्ह बँकेने सांगितलं की ९९ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना विम्यातून त्यांचे पूर्ण पैसे मिळतील.

९९ टक्के ऐकून बरं वाटतं. पण धंदेवाला म्हणून त्या तीन वर्षांकडे बघा. विमा तेव्हाही होताच. मग पैसे लगेच का नाही मिळाले? कारण त्या वेळच्या कायद्यात विम्याचे पैसे बँक अवसायनात गेल्यावर, म्हणजे तिचा कारभार गुंडाळायला काढल्यावरच मिळायचे. नुसते निर्बंध आले तर विमा हलायचाच नाही. ज्याचं खेळतं भांडवल तिथे अडकलं, त्याने व्यापाऱ्याचं बिल कशातून भागवायचं?

यात आणखी एक गंमत आहे. निर्बंध आले तेव्हा विम्याची मर्यादा १ लाख होती, १९९३ पासून तेवढीच. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली. कराडच्या बँकेचा परवाना त्यानंतर रद्द झाला म्हणून ५ लाखांची मर्यादा लागली. तीच बँक दोन वर्षं आधी बंद झाली असती तर मर्यादा १ लाखच राहिली असती.

आता नियम काय आहे

हा विमा देते ठेव विमा आणि पत हमी महामंडळ, म्हणजे डीआयसीजीसी. ही रिझर्व्ह बँकेचीच कंपनी आहे. हप्ता बँक भरते, तुमच्याकडून एक पैसाही घेता येत नाही. आणि हा विमा वेगळा काढावा लागत नाही, विमाधारक बँकेत खातं असलं की तो आपोआप असतो.

सप्टेंबर २०२१ पासून कायदा बदलला. आता निर्बंध घालून पैसे काढणं बंद केलं की ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची असते. पहिल्या ४५ दिवसांत बँक ठेवीदारांची यादी महामंडळाला देते, पुढच्या ३० दिवसांत महामंडळ ती तपासतं आणि शेवटच्या १५ दिवसांत पैसे देतं. बँक दुसऱ्या बँकेत विलीन करायचं घाटत असेल तर ही मुदत आणखी ९० दिवस वाढू शकते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. या मार्गाने पैसे हवे असतील तर तुम्हाला बँकेत जाऊन तशी लेखी संमती द्यावी लागते, केवायसीची कागदपत्रं द्यावी लागतात आणि पैसे जमा करायला दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा नंबर द्यावा लागतो. "बघू नंतर" म्हणून थांबलात आणि यादीत नाव गेलं नाही, तर तुमचे ९० दिवस तुमच्यासाठी थांबणार नाहीत.

खातं किती, ते महत्त्वाचं नाही. खातं कोणाचं, ते महत्त्वाचं

विम्याचा हिशोब खात्यागणिक होत नाही. एका बँकेत, सगळ्या शाखा धरून, एका माणसाच्या एकाच नात्याने ठेवलेल्या सगळ्या ठेवी एकत्र मोजतात. बचत, करंट, एफडी, आरडी, सगळं एकत्र. मुद्दल आणि त्या दिवसापर्यंतचं व्याज, दोन्ही धरून ५ लाख. साताऱ्याच्या शाखेत आणि कऱ्हाडच्या शाखेत वेगवेगळ्या एफडी केल्या म्हणून विमा दुप्पट होत नाही.

आणि प्रोप्रायटरशिप म्हणजे कायद्याच्या नजरेत तुम्हीच. पाटी दुकानाची असली, गुमास्ता आणि जीएसटी दुकानाच्या नावाने असलं तरी ते पैसे तुमचेच धरतात.

आता त्या किराणावाल्या दादांचा हिशोब मांडू. आकडे मी समजायला सोपे घेतलेत.

बचत खात्यात १,८०,००० रुपये. दुकानाच्या करंट खात्यात २,४०,०००. स्वतःच्या नावाची एफडी २,००,००० आणि तिच्यावर आतापर्यंतचं व्याज १४,०००. बेरीज झाली ६,३४,०००. विमा मिळेल ५,००,०००. वरचे १,३४,००० विम्याच्या बाहेर.

ते बुडालेच असं नाही. त्यासाठी अवसायकाकडे दावा करायचा असतो. तो बँकेची कर्जं वसूल करतो, मालमत्ता विकतो. पण त्या वसुलीतून महामंडळाने दिलेले पैसेही परत करायचे असतात. त्यामुळे किती मिळेल आणि कधी मिळेल, हे वसुलीवर अवलंबून. दिवाळीच्या मालाची खरेदी त्या भरवशावर करता येत नाही.

याच दादांची पत्नीसोबत संयुक्त नावावर ३,००,००० ची एफडी त्याच बँकेत असेल तर? ती वेगळी मोजली जाईल, कारण तिथे ते एकटे नाहीत, नातं बदललं. तिला स्वतंत्र ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. भागीदारी फर्मचं खातं, प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं खातं, अज्ञान मुलाचे पालक म्हणून उघडलेलं खातं, यांनाही असंच स्वतंत्र संरक्षण मिळतं. मात्र नॉमिनी लावल्याने विमा वाढत नाही. नॉमिनी हा ठेवीचा मालक नसतो.

सीसी लोन असेल तर

हा भाग धंदेवाल्यांनी दोनदा वाचा. त्याच बँकेचं तुमच्याकडे कर्ज असेल, तर बँक आधी आपलं येणं तुमच्या ठेवीतून वळतं करून घेऊ शकते. विमा मोजतात तो उरलेल्या रकमेवर.

समजा दादांचं त्याच बँकेचं सीसी लोन १,५०,००० बाकी आहे. मग ६,३४,००० मधून ते वजा होऊन उरले ४,८४,०००. हे ५ लाखांच्या आत आहेत, म्हणजे सगळे मिळतील. हिशोबाने तोटा झाला नाही, उलट कर्ज फिटलं. पण हातात काय आलं? दुकान ज्या सीसीवर फिरत होतं तो सीसीही गेला आणि ठेवही कमी झाली. विमा पैशाला संरक्षण देतो, तुमच्या खेळत्या भांडवलाला देत नाही.

टक्केवारीने फसू नका

७ ऑक्टोबर २०२५ ला साताऱ्याच्या जिजामाता महिला सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला. रिझर्व्ह बँकेने सांगितलं की ३० सप्टेंबर २०२४ च्या स्थितीनुसार एकूण ठेवींपैकी ९४.४१ टक्के रक्कम विम्याखाली होती. कराडच्या वेळी सांगितलेले ९९ टक्के हे ठेवीदारांच्या डोक्यांचं प्रमाण होतं, हे ९४.४१ टक्के रकमेचं आहे. दोन्ही आकडे चांगलेच आहेत. पण उरलेली रक्कम असते कोणाची? ज्याचे ५ लाखांच्या वर आहेत त्याची. हंगामात करंट खात्यात एकदम मोठी रक्कम जमा होणारा व्यापारी त्यातच बसतो. सांगलीत हळदीची पट्टी जमा झाली त्याच आठवड्यात निर्बंध आले, तर सरासरीचा उपयोग नाही. त्या दिवशीचा बॅलन्स मोजतात.

पतसंस्थेला हा विमा नाही

सातारा-सांगलीत हा सगळ्यात मोठा गैरसमज. नागरी सहकारी बँक आणि पतसंस्था दोन्ही सहकारी, दोन्हीकडे पासबुक, दोन्हीकडे पिग्मीवाला दुकानात येतो. पण पतसंस्था ही बँक नाही, तिच्याकडे रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो, आणि डीआयसीजीसीचा विमा तिथल्या ठेवीला लागू नाही. ५ लाख नाही, ५ रुपयेही नाही. पतसंस्था वाईट असते असं मी म्हणत नाही. तिथे ठेवलेल्या पैशामागे हा विमा नसतो, एवढंच.

तसंच बँकेच्या सभासदत्वाचे शेअर्स, बँकेच्या काउंटरवर घेतलेला म्युच्युअल फंड आणि लॉकरमधलं सोनं या ठेवी नाहीत. त्यांनाही हा विमा नाही.

तुमची बँक विमाधारक आहे का, हे www.dicgc.org.in वरच्या यादीत नाव शोधून बघा. बँकेच्या वेबसाइटवरही डीआयसीजीसीचं चिन्ह आणि क्यूआर कोड असायला हवा.

मग मी काय करतो

माझ्या दुकानाचं करंट खातं एका बँकेत आणि घरची बचत दुसऱ्या बँकेत आहे. दोन वेगळ्या बँकांना दोन वेगळे ५ लाख लागू होतात. तिसरं एक छोटं खातं आहे, त्यात महिनाभराची उधारी, भाडं आणि पगार भागतील एवढे पैसे ठेवतो, कारण नियमाने वेळेत झालं तरी ९० दिवस म्हणजे तीन महिन्यांची भाडी. आणि काउंटरवर दुसऱ्या बँकेच्या खात्याला जोडलेला एक क्यूआर कोड ड्रॉवरमध्ये तयार असतो.

त्या किराणावाल्या दादांनी वर्गातच फोन काढून तिन्ही बॅलन्स जोडले. बेरीज त्यांनी सांगितली नाही, पण दुपारच्या चहाला ते बँकेत गेले होते. तुम्हीही आज एक बेरीज करा. एका बँकेचं नाव वर लिहा, खाली तुमच्या आणि दुकानाच्या नावाचं जे जे आहे ते मांडा, तिथलं कर्ज वजा करा. उत्तर ५ लाखांच्या वर गेलं, तर वरची रक्कम विम्याशिवाय पडून आहे हे समजा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.