एकरकमी तडजोड : आधी कागद, मग पैसा



मागच्या गळीत हंगामाच्या अखेरीस आपले एक सभासद आमच्याकडे आले. हातात बँकेची नोटीस होती. म्हणाले, "साहेब, पंचवीस हजार भरले, मिटलं असं सांगितलं, आणि आता ही पुन्हा नोटीस!" त्यांचे नाव आणि बँकेचे नाव आम्ही येथे देत नाही. परंतु त्यांच्या प्रकरणात जे घडले ते अनेकांच्या घरी घडू शकते, म्हणून ते सविस्तर सांगतो.

या सभासदांनी घरच्या लग्नासाठी तीन लाखांचे वैयक्तिक कर्ज काढले होते. मुदत पाच वर्षे, व्याज दरसाल १५ टक्के, हप्ता सुमारे ७,१३७ रुपये. तारण काही नव्हते. वीस हप्ते नियमाने भरले. पुढे पत्नीचे ऑपरेशन झाले आणि हप्ते थांबले. कर्जाचा हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की बँक ते खाते अनुत्पादक ठरवते. तसे ते ठरले. चौदा महिन्यांनी बँकेने मागितलेली रक्कम होती २,८४,००० रुपये. त्यात मुद्दल २,२३,६००, व्याज ४२,४०० आणि दंड व खर्च १८,०००.

अशात वसुलीवाल्याचा फोन आला. "आज पंचवीस हजार भरा, बाकीचं सवडीनं बघू, प्रकरण मिटवून टाकतो." सभासदांनी विश्वास ठेवून पैसे खात्यात भरले. पण तडजोड मंजूर झाल्याचा एक ओळीचाही कागद नव्हता. मग त्या पैशांचे काय झाले? आम्ही खातेउतारा मागवला. १८,००० दंड-खर्चात गेले, ७,००० व्याजात. मुद्दलाला एक पैसाही लागला नाही. देणे उरले २,५९,०००. बँकेच्या दृष्टीने ती तडजोड नव्हतीच, थकबाकीपोटी आलेला साधा भरणा होता.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. फोनवर बोलणाऱ्या माणसाला, आणि पुष्कळदा शाखाधिकाऱ्यालाही, तडजोड मंजूर करण्याचा अधिकार नसतो. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ रोजी तडजोडीची चौकट आखून दिली. तिच्याप्रमाणे बँकेच्या संचालक मंडळाचे ठरलेले धोरण हवे, आणि ज्याने कर्ज मंजूर केले त्याच्यापेक्षा किमान एक पायरी वरच्या अधिकाऱ्याने तडजोड मंजूर करायला हवी. म्हणून "साहेब हो म्हणाले" याला किंमत नाही. तडजोड हा कर्जदाराचा हक्कही नाही. बँकेला ती द्यायला भाग पाडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. प्रस्ताव मांडणे आपल्या हाती, स्वीकारणे त्यांच्या.

मग बँक कमी पैशांत का तयार होते? कोर्टाच्या वाटेने कधी आणि किती वसूल होईल, आणि आज रोख किती मिळतात, याचा ती हिशेब घालते. आपल्या अर्जाने तिला हाच हिशेब करून द्यायचा असतो. नुसते "गरीब आहे, सवलत द्या" लिहून भागत नाही.

आम्ही सभासदांबरोबर बसून अर्ज केला. आधी घरात खरे पैसे किती, ते मोजले. एक म्हैस विकून आणि भावाकडून मिळून १,८०,००० रुपये हाती होते. येणारे ऊसबिल आम्ही मुद्दाम धरले नाही. जे पैसे अजून खात्यात आलेले नाहीत, त्यांच्या भरवशावर तारीख द्यायची नाही. अर्जात खाते क्रमांक, हप्ते थकण्याचे कारण, दवाखान्याच्या बिलांच्या प्रती, देऊ केलेली रक्कम, ती कोठून येणार आणि मंजुरीपत्र मिळाल्यापासून किती दिवसांत भरणार, एवढे लिहिले. पोच घेऊन अर्ज शाखेत दिला.

पहिला आकडा आम्ही १,३०,००० ठेवला. हातातले सगळे पहिल्याच दिवशी सांगितले तर वर सरकायला जागा राहत नाही. बँकेने २,००,००० मागितले. आम्ही १,५०,००० वर आलो. महिनाभर पत्रे गेली-आली आणि १,६५,००० वर जमले, तीस दिवसांत एकाच हप्त्यात. म्हणजे ९४,००० रुपये सुटले : सगळे ३५,४०० व्याज आणि मुद्दलातले ५८,६००. शिल्लक राहिलेले पंधरा हजार सभासदांच्या घरखर्चाला उरले, हेही महत्त्वाचे.

पैसे भरण्याआधी मंजुरीपत्र हाती घेतले आणि चार गोष्टी पाहिल्या : खाते क्रमांक बरोबर आहे का, ही रक्कम "पूर्ण व अंतिम" आहे असे लिहिले आहे का, बाकी रक्कम सोडल्याचे आणि चालू असलेले दावे मागे घेण्याचे नमूद आहे का, आणि शेवटची तारीख कोणती. ही तारीख जपा बरं का! एक दिवस चुकला तरी तडजोड रद्द होऊन जुने सगळे देणे पुन्हा उभे राहू शकते. रक्कम थेट कर्जखात्यात भरली, वसुलीवाल्याच्या हातात नाही. नंतर येणे नसल्याचा दाखला आणि आधी दिलेले कोरे चेक परत घेतले.

आता या तडजोडीची किंमतही सांगितली पाहिजे. पतनोंदीत खाते "बंद" असे न दिसता "तडजोडीने मिटवले" असे दिसते, आणि ही नोंद बरीच वर्षे राहते. त्याच बँकेकडून बिगरशेती कर्ज किमान बारा महिने मिळत नाही. शेतीकर्जाबाबत ही मुदत प्रत्येक बँकेचे धोरण ठरवते. म्हणून ज्या बँकेतून पीककर्ज उचलता तिच्याशीच तडजोड करणार असाल, तर आधी तिचे धोरण विचारा. पुढच्या लागणीचे पैसे अडकले तर आज वाचलेले चौऱ्याण्णव हजार महाग पडतील. पूर्ण रक्कम थोड्या मुदतीने फेडता येत असेल तर हप्ते पुन्हा बांधून घेणे बरे.

आणखी एक बाब जुन्या थकबाकीदारांसाठी. अशा कर्जाच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षे असते. ती संपण्यापूर्वी आपण सहीनिशी देणे कबूल केले, किंवा काही रक्कम भरून त्याची आपल्या अक्षरातली अथवा सहीची नोंद राहिली, तर मुदत नव्याने सुरू होते. तडजोडीचा अर्जही अशी कबुली ठरू शकतो. कर्ज फार जुने असेल तर अर्ज देण्याआधी वकिलाला दाखवा.

आपल्या त्या सभासदांनी सगळे कागद एका पिशवीत घालून देव्हाऱ्यामागे ठेवले आहेत. परवा वजनकाट्यावर भेटले तेव्हा म्हणाले, "ते पहिले पंचवीस हजार मात्र फुकट गेले." ते खरेच आहे. अर्ज आधी केला असता तर ते पैसेही तडजोडीत मांडता आले असते.